भिंग पाण्यात बुडवले की उत्तर का चुकते: २० आणि ३० सेमी वक्रतेच्या भिंगाची तपासणी

काचेचे एक द्विबहिर्वक्र भिंग आहे. एका पृष्ठभागाची वक्रता त्रिज्या २० सेमी, दुसऱ्याची ३० सेमी. काचेचा अपवर्तनांक १.५, पाण्याचा ४/३. भिंग पातळ आहे आणि दोन्ही बाजूंनी पाण्यात बुडलेले आहे. नाभीय अंतर किती?

हे गणित मी इतक्या वह्यांमध्ये तपासले आहे की शेवटचा आकडा पाहिला की चूक कुठल्या ओळीत आहे ते वर न जाता सांगता येते. ७२ आले असेल तर एक चूक, ४८० आले तर दुसरी, उणे १०८ आले तर तिसरी, ३२ आले तर चौथी. बरोबर उत्तर ९६ सेमी आहे. प्रयोगशाळेत याच भिंगाचे ८७ सेमी मोजून आणणारेही भेटतात. त्यांची पट्टी बरोबर असते आणि सूत्रही बरोबर असते, तरी उत्तर चुकते. त्या ८७ कडे शेवटी येऊ, कारण तो सगळ्यांत फसवा आकडा आहे.

आधी बरोबर गणित डोळ्यांसमोर असू द्या. वर्गात ज्याला लेन्स मेकर्स फॉर्म्युला म्हणतात ते भिंगकाराचे समीकरण असे:

```
1/f = (n_L/n_M − 1) (1/R1 − 1/R2)
```

n_L हा भिंगाच्या काचेचा अपवर्तनांक, n_M हा भोवतीच्या माध्यमाचा. दुसरा कंस फक्त भिंगाच्या आकाराचा आहे, त्याला पाण्याशी काही देणेघेणे नाही. आपल्या भिंगासाठी तो १/२० अधिक १/३०, म्हणजे १/१२. पहिला कंस हवेत ०.५ आणि पाण्यात १.१२५ वजा १, म्हणजे ०.१२५. म्हणून हवेत १२ भागिले ०.५ बरोबर २४ सेमी आणि पाण्यात १२ भागिले ०.१२५ बरोबर ९६ सेमी. नाभीय अंतर चौपट झाले.

उत्तर ७२ आले असेल तर

७२ म्हणजे २४ च्या तिप्पट. इथे पहिल्या कंसात भागाकाराऐवजी वजाबाकी झालेली असते: १.५ वजा १.३३३ बरोबर ०.१६७, आणि १२ भागिले ०.१६७ बरोबर ७२. ही चूक आळसातून होत नाही. हवेसाठी सूत्र (n − १) असे पाठ केलेले असते. पाणी आले की त्या १ च्या जागी पाण्याचा अपवर्तनांक घालायचा, असे मनाला अगदी सरळ वाटते. पण त्या जुन्या सूत्रात हवेचा अपवर्तनांक दोन ठिकाणी होता. एका ठिकाणी तो १ म्हणून दिसत होता आणि दुसऱ्या ठिकाणी भागाकारात असल्यामुळे दिसतच नव्हता.

तो कुठे लपला होता ते पाहायचे तर सूत्र एकदा स्वतः मांडावे लागते. एकेका गोलीय पृष्ठभागावरचे अपवर्तन लिहा आणि दोन्ही ओळी मिळवा:

```
n_L/v1 − n_M/u  = (n_L − n_M)/R1
n_M/v  − n_L/v1 = (n_M − n_L)/R2
---------------------------------
n_M (1/v − 1/u) = (n_L − n_M)(1/R1 − 1/R2)
```

मधल्या प्रतिमेचे n_L/v1 हे पद दोन्ही ओळींत विरुद्ध चिन्हांनी आहे, म्हणून ते जाते. डाव्या बाजूला मात्र n_M गुणाकारात शिल्लक राहतो. १/v − १/u म्हणजे १/f, पण ते मिळवायला संपूर्ण ओळीला n_M ने भागावे लागते. हवेत n_M एक असल्यामुळे ही पायरी गाळली तरी कुणाच्या लक्षात येत नाही. पाण्यात ती गाळली की ७२ येते.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. ज्याने वजाबाकी केली त्याने काढलेली राशी निरर्थक नाही. (n_L − n_M) गुणिले आकाराचा कंस ही त्या माध्यमातली भिंगाची शक्ती आहे, म्हणजे n_M/f. मीटरमध्ये मांडले तर हवेत ती ४.१७ डायॉप्टर होती आणि पाण्यात १.३९ डायॉप्टर झाली, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. शक्ती एक तृतीयांश होते आणि नाभीय अंतर चौपट होते. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, कारण पाण्यात शक्ती १/f नसून n_M/f आहे. ‘शक्ती तिपटीने घटली, मग अंतर तिप्पटच वाढायला हवे ना?’ असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी बरोबर जागी अडला आहे. त्याला सूत्र पुन्हा पाठ करायला लावू नका, वरच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवा.

उणे १०८ आणि ३२ यांना फार वेळ द्यायला नको. उणे १०८ येते ते गुणोत्तर उलटे केल्यामुळे: ४/३ भागिले १.५ बरोबर ०.८८९, त्यातून १ गेला की उणे ०.१११. वर भिंगाचा अपवर्तनांक, खाली माध्यमाचा, हा क्रम सुटला की काचेचे बहिर्वक्र भिंग पाण्यात अपसारी झाल्यासारखे दिसते. असे खरोखर घडायला भिंगाचा अपवर्तनांक पाण्यापेक्षा कमी हवा. पातळ काचेच्या दोन वाट्या जोडून आत हवा ठेवलेले, याच आकाराचे पोकळ भिंग पाण्यात उणे ४८ सेमी नाभीय अंतराचे होईल. भरीव काचेचे नाही. आणि ३२ म्हणजे २४ गुणिले ४/३. खोली आणि आभासी खोलीच्या गणितातली सवय इथे चुकून आलेली असते.

उत्तर ४८० आले असेल तर

असमान वक्रतेचे भिंग खरे इथे त्रास देते. ४८० मध्ये पाण्याचा भाग बिनचूक असतो, आकाराचा कंस चुकलेला असतो. १/२० मधून १/३० वजा केले की १/६० उरते, आणि ६० भागिले ०.१२५ बरोबर ४८०. सूत्रात वजाचे चिन्ह दिसते म्हणून त्रिज्या जशाच्या तशा घालून वजाबाकी केली जाते. R₂ चे स्वतःचे चिन्ह उणे आहे हे राहून जाते.

चिन्हाचा नियम पाठ करण्यापेक्षा चित्र काढणे सोपे आहे. प्रकाश डावीकडून उजवीकडे जातो. प्रत्येक पृष्ठभागासाठी स्वतंत्र प्रश्न विचारा: ज्या गोलाचा हा तुकडा आहे त्या गोलाचे केंद्र पृष्ठभागाच्या उजवीकडे आहे की डावीकडे? उजवीकडे असेल तर त्रिज्या धन, डावीकडे असेल तर ऋण. द्विबहिर्वक्र भिंगाचा पहिला पृष्ठभाग डावीकडे फुगलेला असतो, म्हणून त्याचे केंद्र उजवीकडे: अधिक २०. दुसरा उजवीकडे फुगलेला असतो, त्याचे केंद्र डावीकडे: उणे ३०. उणे ३० सूत्रात घातले की वजाचे वजा होऊन बेरीज येते. पृष्ठभाग ‘बहिर्वक्र आहे की अंतर्वक्र’ हा प्रश्न विचारूच नका. तोच पृष्ठभाग एका बाजूने बहिर्वक्र आणि दुसऱ्या बाजूने अंतर्वक्र दिसतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

समान वक्रतेच्या भिंगात ही चूक लपत नाही. दोन्ही त्रिज्या २० असत्या तर चुकीच्या चिन्हाने कंस शून्य झाला असता आणि नाभीय अंतर अनंत आले असते. ते पाहून कुणीही थांबतो. असमान वक्रतेत मात्र शून्याऐवजी १/६० उरते, उत्तर धन येते, पाण्यात ते हवेच्या चौपटही येते, आणि वही निर्धास्तपणे मिटली जाते. शिवाय १२० आणि ४८० हे आकडे अस्तित्वात नसलेल्या भिंगाचेही नाहीत. दोन्ही पृष्ठभाग एकाच दिशेला वाकलेल्या, २० आणि ३० सेमी त्रिज्यांच्या, मध्ये जाड असणाऱ्या अंतर्बहिर्वक्र भिंगाची नाभीय अंतरे हवेत १२० आणि पाण्यात ४८० हीच आहेत. म्हणजे गणित बरोबर झाले, पण वेगळ्याच भिंगाचे झाले.

दोन ताळे

वही मिटण्यापूर्वी दोन ताळे पाहावेत. एकच पाहून चालत नाही, कारण प्रत्येकाला वेगळी चूक सापडते.

पहिला ताळा गुणोत्तराचा. पाण्यातले नाभीय अंतर भागिले हवेतले नाभीय अंतर केले की आकाराचा कंस दोन्हीकडून उडून जातो:

```
f_M / f_air = n_M (n_L − 1) / (n_L − n_M)
```

१.५ ची काच आणि ४/३ चे पाणी असेल तर हे गुणोत्तर ४ आहे. त्रिज्या समान असोत, असमान असोत, एक पृष्ठभाग सपाट असो, भिंग अंतर्वक्र असो, पातळ भिंगासाठी ते ४ च राहते. ‘त्रिज्या वेगळ्या आहेत म्हणून पाण्याचा परिणामही वेगळा असेल’ ही समजूत इथे निकालात निघते. ७२, ३२ आणि उणे १०८ या ताळ्यात पकडले जातात. ४८० सुटून जाते, कारण त्याच्यासोबत हवेतले उत्तरही १२० आलेले असते.

दुसरा ताळा त्यासाठी आहे. आपले भिंग दोन समान वक्रतेच्या भिंगांच्या मधले आहे असे समजा: एकाच्या दोन्ही त्रिज्या २०, दुसऱ्याच्या दोन्ही ३०. काच १.५ ची असेल तर त्यांची हवेतली नाभीय अंतरे बरोबर २० आणि ३० सेमी येतात. मग २० आणि ३० ची जोडी असलेल्या भिंगाचे नाभीय अंतर या दोहोंच्या मध्येच पडायला हवे. २४ पडते. १२० पडत नाही. पाण्यात तीच चौकट ८० ते १२० ची होते. ९६ तिच्या आत आहे, ४८० बाहेर.

चिन्हाची चूक कागदावर पकडायचा आणखी एक मार्ग मला आवडतो: भिंग मनातल्या मनात फिरवा. ३० चा पृष्ठभाग पुढे, २० चा मागे. बरोबर चिन्हांनी कंस १/३० अधिक १/२० होतो, म्हणजे पुन्हा १/१२. चुकीच्या चिन्हांनी तो १/३० वजा १/२०, म्हणजे उणे १/६० होतो आणि उत्तर उणे ४८० येते. तेच भिंग एका बाजूने अभिसारी आणि दुसऱ्या बाजूने अपसारी असू शकत नाही.

आकडा जवळपास आहे, पण जुळत नाही

कधी उत्तर ९३.९ येते, कधी ९२.३, कधी थेट १२०. इथे पद्धत चुकलेली नसते, अंक लवकर कापलेले असतात. पाण्याचा अपवर्तनांक ४/३ ऐवजी १.३३ घेतला तर ९३.९ सेमी येते. गुणोत्तर १.१२५ ऐवजी १.१३ लिहिले तर ९२.३. आणि १.१ लिहिले तर १२०.

हवेत इतका फरक पडत नाही, पाण्यात पडतो, याचे कारण वजाबाकीत आहे. हवेत १.५ मधून १ जातो आणि ०.५ उरतो. पाण्यात १.१२५ मधून १ जातो आणि फक्त ०.१२५ उरतो. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की सुरुवातीचे भरवशाचे अंक एकमेकांना खातात आणि शेवटचे, शंकास्पद अंक उरतात. म्हणून पाण्याच्या गणितात गुणोत्तर किमान चार दशांश स्थळांपर्यंत ठेवा आणि अंक कापायचे ते अगदी शेवटी.

काचेच्या बाबतीत हे जास्त बोचते. काच १.५ ची नसून १.५२ ची असेल तर हवेतले नाभीय अंतर २४ वरून २३.१ होते, जेमतेम चार टक्के. पाण्यात मात्र ते ९६ वरून ८५.७ वर येते, जवळजवळ अकरा टक्के. तसेच, हवेतले नाभीय अंतर मोजून त्यावरून काचेचा अपवर्तनांक काढला आणि तो पाण्यासाठी वापरला, तर हवेतल्या मोजणीतली अर्ध्या सेंटीमीटरची चूक (२४ ऐवजी २३.५) पाण्यातले भाकीत ९० सेमीवर आणते. अर्ध्या सेंटीमीटरचे सहा सेंटीमीटर होतात. प्रयोगात २४ नीट मोजण्यावर मी अडून बसतो तो यासाठी.

भिंग फिरवले आणि नाभी हलली

आता टाकीपाशी येऊ. वर म्हटले की पातळ भिंग फिरवले तरी नाभीय अंतर बदलत नाही. पण एखादा विद्यार्थी सांगतो, ‘फिरवले तर बदलते, मी पाहिले.’ त्याला खोटे पाडू नका. भिंग कसे बसवले आहे ते पाहा. ते टाकीच्या भोकात बसवलेले असेल, किंवा आडवे धरून त्याचा फक्त खालचा पृष्ठभाग पाण्याला टेकवला असेल, तर एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी आहे. तिथे भिंगकाराचे नेहमीचे सूत्र लागूच होत नाही, कारण ते मांडताना दोन्ही बाजूंना एकच n_M धरला होता. दोन पृष्ठभाग वेगवेगळे हिशोबात घ्यावे लागतात:

```
n_3/v − n_1/u = (n_2 − n_1)/R1 + (n_3 − n_2)/R2
```

प्रकाश हवेतून येतो, २० चा पृष्ठभाग हवेकडे, ३० चा पाण्याकडे. हवेच्या बाजूचा पृष्ठभाग ०.५/२० म्हणजे ०.०२५० देतो. पाण्याच्या बाजूचा ०.१६६७/३० म्हणजे ०.००५६ देतो. बेरीज ०.०३०६, आणि ४/३ ला तिने भागले की समांतर किरण भिंगापासून पाण्यात ४३.६ सेमीवर जुळतात. आता भिंग फिरवा. ०.५/३० आणि ०.१६६७/२० यांची बेरीज ०.०२५० होते, आणि किरण ५३.३ सेमीवर जुळतात. नाभी दहा सेंटीमीटर सरकली, आणि तिने सरकायलाच हवे होते. हवेला लागलेला पृष्ठभाग पाण्याला लागलेल्या पृष्ठभागाच्या तिप्पट ताकदीने वाकवतो, म्हणून जास्त वक्र पृष्ठभाग हवेकडे असताना भिंग जास्त बलवान असते. समान वक्रतेच्या भिंगात हे कधीच दिसले नसते.

पाण्याखाली उघड्या डोळ्यांना धूसर दिसते त्यामागे हेच आहे. पारपटलाचा अपवर्तनांक सुमारे १.३७६ आणि पुढच्या पृष्ठभागाची त्रिज्या सुमारे ७.८ मिमी. हवेत हा एकटा पृष्ठभाग ४८ डायॉप्टरच्या आसपास शक्ती देतो, पाण्यात ती साडेपाचवर येते. डोळ्याच्या आत काहीच बदललेले नसते, फक्त बाहेरचे माध्यम बदललेले असते. पाणबुड्याच्या सपाट काचेच्या मुखवट्यात डोळ्यासमोर हवा ठेवली जाते ती यासाठी.

म्हणून टाकीतली मोजणी पटत नसेल तर पहिली परीक्षा हीच घ्या: भिंग फिरवा. नाभी ठळकपणे हलली तर दोन्ही बाजूंना एकच माध्यम नाही. कधी मोजणी न पटण्याचे कारण याहून साधे असते: पाण्याची पातळी भिंगाच्या मध्यापर्यंतच असते. मग वरच्या अर्ध्या भागाची नाभी २४ वर आणि खालच्या भागाची ९६ कडे, आणि पडद्यावर कुठेच धड प्रतिमा मिळत नाही.

पडद्यावर ८७ मिळाले

आता तो फसवा आकडा. भिंग पूर्ण बुडलेले आहे, फिरवले तरी नाभी हलत नाही, समांतर प्रकाश टाकीच्या सपाट भिंतीतून लंब दिशेने आत येतो. भिंगापासून समोरची भिंत ६० सेमीवर आहे, म्हणून पडदा टाकीबाहेर धरावा लागला. भिंगापासून पडद्यापर्यंत पट्टीने ८७ सेमी भरले.

विद्यार्थी काय करतो ते पाहा. १२ भागिले ८७ बरोबर ०.१३७९, त्यात १ मिळवून ४/३ ने गुणले की काचेचा अपवर्तनांक १.५१७ येतो. भिंगांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या बोरोसिलिकेट क्राउन काचेचा अपवर्तनांकही १.५१७ च्या जवळ आहे. तो समाधानाने लिहितो की गणितात दिलेली १.५ ही ढोबळ किंमत होती आणि प्रयोगाने खरी किंमत मिळाली. सगळे जुळले, आणि सगळे चुकले. भिंग १.५ चेच होते.

झाले ते असे. किरण पाण्यात ९६ सेमीवर जुळणार होते. ६० सेमीवर भिंत आली, म्हणजे पाण्यातले ३६ सेमी बाकी होते. पण भिंतीतून हवेत येताना किरण अक्षाकडे आणखी वळले आणि उरलेले अंतर ४/३ ने आखडले: ३६ चे २७ झाले. ६० अधिक २७ बरोबर ८७. पट्टीने दोन वेगळ्या माध्यमांतली अंतरे एकत्र मोजली आणि ती बेरीज पाण्यातले नाभीय अंतर म्हणून सूत्रात गेली. भिंतीच्या काचेमुळेही थोडा फरक पडतो. अर्धा सेंटीमीटर जाडीची काच प्रतिमा सुमारे १.७ मिमी मागे ढकलते. या मोजणीत तो फरक सोडून दिला तरी चालतो.

हे ओळखायची खूण सोपी आहे. भिंग टाकीतच पुढेमागे सरकवा आणि पुन्हा मोजा. भिंत भिंगापासून ८० सेमीवर असेल तर १६ सेमी उरतात, त्यांचे १२ होतात आणि एकूण ९२ भरतात. भिंत ४० सेमीवर असेल तर ५६ चे ४२ होतात आणि एकूण ८२. एकाच भिंगाची ८२, ८७ आणि ९२ अशी तीन नाभीय अंतरे मिळाली, तर तो भिंगाचा गुण नाही, भिंतीचा आहे. दुरुस्तीसाठी बाहेरचे अंतर ४/३ ने गुणून आतल्या अंतरात मिळवा. ४२ गुणिले ४/३ बरोबर ५६, अधिक ४०, बरोबर ९६. तिन्ही मोजण्या एकाच आकड्यावर येतात. टाकी लांब असेल तर पडदाच पाण्यात बुडवावा, मग हा हिशोबच नको. दूरच्या दिव्याऐवजी जवळची वस्तू टाकीबाहेर ठेवली असेल तर तिच्या बाजूलाही हेच लागू: भिंतीपासून वस्तूपर्यंतचे हवेतले अंतर ४/३ ने गुणूनच पाण्यातल्या u मध्ये धरायचे.

पाण्यात पडद्याची ‘सर्वांत स्पष्ट’ जागा ठरवणेही कठीण जाते. ५ सेमी व्यासाच्या भिंगाला हवेत पडदा अर्धा सेंटीमीटर हलवला की बिंदू एक मिलिमीटर पसरतो. पाण्यात तेवढाच पसरायला पडदा जवळजवळ दोन सेंटीमीटर हलवावा लागतो, कारण किरणांचा शंकू चौपट निमुळता झालेला असतो. म्हणून एका जागेवर नजर खिळवू नका. प्रतिमा पुढच्या बाजूला जिथे धूसर होऊ लागते आणि मागच्या बाजूला जिथे होऊ लागते, त्या दोन्ही खुणा घ्या आणि मधला बिंदू धरा. तीनचार वेळा हे केले की दोन सेंटीमीटरची शंका बरीच कमी होते.

एवढे सगळे करूनही दुरुस्त केलेला आकडा ९६ ऐवजी, समजा, ९१ वरच राहिला आणि भिंग सरकवले, फिरवले तरी ९१ वरून हलला नाही, तर आता काचेवर संशय घ्यायला हरकत नाही. १२ भागिले ९१ बरोबर ०.१३१९, म्हणजे काच १.५०९ ची. ती खरोखर तशी असेल तर भिंग पुसून कोरडे करून हवेत मोजल्यावर नाभी २४ वर नव्हे, २३.६ सेमीवर मिळायला हवी. चार मिलिमीटरचा हा फरक पट्टीवर स्पष्ट दिसतो.